शंभर नंबरचा धागा

शंभर नंबरच्या सुताचा एक किलो उलगडत नेला, तर तो साधारण १६९ किलोमीटर भरतो. मुंबईहून निघालात तर नाशिक येतं. एवढ्या लांबीत चार-साडेचार सेंटीमीटरहून मोठा असा एकही सलग तंतू नसतो. रेशमाच्या कोशातून शेकडो मीटरचा तंतू निघतो, पॉलिएस्टर तर यंत्रातून हवा तेवढा सलग काढता येतो. कापसाला ते सुख नाही. सरकीवर वाढलेला एक आखूड तंतू संपतो, तो संपायच्या आत दुसऱ्यानं भार घेतलेला असतो, दुसरा संपायच्या आत तिसऱ्यानं. कुणीही कुणाला गाठ मारलेली नाही, चिकटवलेलं नाही. नुसता पीळ आणि नुसतं घर्षण, यांवर तो धागा मागावर ताणला जातो, धुतला जातो, आपटला जातो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

हा धागा सुविन कापसाचा आहे असं धरू. सुविन ही आपल्याकडची सर्वांत लांब धाग्याची जात. कोइमतूरच्या कापूस संशोधन केंद्रात सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन जातींच्या संकरातून ती निघाली आणि १९७४ साली लागवडीला आली. तिच्या तंतूची लांबी ३७ ते ३९ मिलिमीटरच्या घरात असते. आपल्या विदर्भात जो संकरित कापूस पिकतो त्याची बहुधा २८ ते ३०, आणि जुन्या गावरान जातींची २०च्या आसपास. कागदावर हा फरक एखाद्या नखाएवढा दिसतो. त्या नखाएवढ्या फरकानं धाग्याचा सगळा स्वभाव कसा पालटतो, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी बोटांनी पाहू. मलमलीच्या कडेनं एक एकेरी धागा ओढून काढा. दोन्ही हातांच्या चिमटीत तो धरा, मध्ये एखादाच सेंटीमीटर मोकळा ठेवा आणि पिळाच्या उलट दिशेनं फिरवून पीळ पुरता काढून टाका. आता ओढा. धागा सहजासहजी सुटत नाही. त्यातले पुष्कळ तंतू एका चिमटीतून दुसऱ्या चिमटीपर्यंत सलग पोचलेले असतात आणि ते तुटावेच लागतात. हाच प्रयोग पाच सेंटीमीटर अंतर ठेवून करा. पीळ गेला की धागा जराही विरोध न करता, आवाजही न करता, मधोमध ओघळून दोन होतो. काही तुटलं नाही, तंतू एकमेकांवरून फक्त घसरले. टोकांकडे पाहिलंत तर ती कापल्यासारखी नसतात, निमुळती आणि केसाळ असतात. ज्या अंतरावर तो घसरू लागतो, तेवढी त्यातल्या लांब तंतूंची लांबी. गावरान कापसाच्या जाड सुतात हे घसरणं दोन-अडीच सेंटीमीटरलाच सुरू होतं. कापडाला भाव देणाऱ्या माणसानं एकदा तरी हे स्वतःच्या बोटांनी करून पाहावं. शर्टाचं कापड घेतलंत तर मात्र त्यातला धागा बहुधा दुहेरी असतो. आधी ते दोन पदर सुटे करायचे आणि मग एकाचा पीळ काढायचा.

आता आत जाऊ. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर चढला की सूत बारीक. शंभर नंबरच्या सुताचा एक मीटर तुकडा जेमतेम सहा मिलिग्रॅम भरतो. सुविनचा तंतू लांब असतो तसाच बारीकही असतो; त्याच्या एका मीटरचं वजन एक अष्टमांश मिलिग्रॅमपेक्षा थोडं कमीच. भागाकार केला तर धाग्याच्या कुठल्याही जागी आडवा छेद घेतल्यास सुमारे ४८ तंतू सापडतील. अठ्ठेचाळीस तंतू, एवढाच तो धागा. विदर्भातल्या लांब धाग्याच्या चांगल्या कापसाचा तंतू थोडा जाड, म्हणून तेवढ्याच वजनात ३९ बसतात. गावरान कापसाचा तंतू आणखी भरड, त्याचे २७च बसतात. चातीवर सूत सुरळीत चालायला छेदात पन्नासएक तरी तंतू हवेत, असा गिरणीतला अंदाज असतो. सुविन त्या काठावर कसाबसा उभा आहे. बाकीचे दोघे काठाच्या बाहेर.

पण तंतूंची नुसती संख्या पाहून भागत नाही, टोकं मोजावी लागतात. धाग्याचा एक सेंटीमीटर तुकडा घेतला, तर त्यात किती तंतू संपतात? हिशेब सोपा आहे. छेदातल्या तंतूंच्या संख्येला एका तंतूच्या लांबीनं भागायचं. सुविनमध्ये ४८ भागिले ३.८, म्हणजे दर सेंटीमीटरला १२-१३ तंतू संपतात. विदर्भाच्या कापसात ३९ भागिले २.९, म्हणजे १३. गावरानमध्ये २७ भागिले २, म्हणजे पुन्हा १३च. संपणारे तिन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत, पण मागे उरणारे पाहा. सुविनमध्ये चौथा हिस्सा संपतो आणि तीन हिस्से भार पुढे नेतात. विदर्भाच्या कापसात एक तृतीयांश संपतो. गावरानात निम्मे. दर सेंटीमीटरला निम्मी माणसं बदलणारी तुकडी आणि चौथा हिस्सा बदलणारी तुकडी यांत ओढाताणीला कोण टिकेल, हे वेगळं सांगायला नको.

तंतूचं टोक अशक्त का असतं, हेही समजून घ्यायला हवं. धागा ताणला की पीळ आवळतो आणि आतले तंतू एकमेकांवर दाबले जातात. त्या दाबामुळे घर्षण होतं, आणि घर्षणामुळे एका तंतूवरचा ताण शेजारच्यावर जातो. तंतूच्या अगदी टोकाला ताण शून्य असतो, कारण पुढे त्याला धरून ठेवणारं काही नाही. टोकापासून आत जाल तसा तो ताण चढत जातो आणि काही मिलिमीटरनंतर पूर्ण होतो. समजा दोन्ही टोकांचे तीन-तीन मिलिमीटर असे अर्धवट कामाचे आहेत. ३८ मिलिमीटरच्या तंतूत ते सहा मिलिमीटर म्हणजे सोळा टक्के. २९च्या तंतूत एकवीस. २० मिलिमीटरच्या तंतूत तीस टक्के. प्रत्यक्षात ही तीन मिलिमीटरची संख्या पीळ, जाडी आणि तंतूच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलते, पण हिशेबाचा रोख बदलत नाही. त्यातून एक गोष्ट लक्षात येते: ३८वरून २९वर उतरताना पाच टक्क्यांचं नुकसान झालं, २९वरून तेवढंच खाली २०वर उतरताना नऊ टक्क्यांचं. आखूडपणाची शिक्षा उतरत्या टप्प्यावर वाढत जाते, आणि लांबीचा फायदा चढत्या टप्प्यावर घटत जातो. म्हणूनच तीस नंबरच्या साध्या सुताला ३८ मिलिमीटरचा कापूस वापरणं हा अपव्यय ठरतो. तिथे विदर्भाचा कापूस पुरतो आणि शोभतो.

टोकं घसरत असतील तर पीळ वाढवून आवळावीत, हा पहिला उपाय सुचतो आणि गिरण्या तो करतातही. आखूड कापसाच्या सुताला जास्त पीळ द्यावाच लागतो. तीस नंबरच्या सुताला लांब तंतूंत इंचाला वीसएक वळसे पुरतात, आखूड तंतूंत चोवीसच्या वर जावं लागतं. मात्र या उपायाला मर्यादा आहे. पीळ जितका जास्त, तितके तंतू धाग्याच्या अक्षाला तिरके होतात, आणि तिरका तंतू सरळ ओढीला पूर्ण ताकद देऊ शकत नाही. म्हणून पीळ वाढवत नेला की सुताची ताकद आधी चढते, एका जागी शिखर गाठते आणि मग उतरू लागते. लांब तंतूंचं शिखर उंच असतं आणि कमी पिळातच येतं. आखूड तंतूंचं शिखर बुटकं असतं आणि तिथवर पोचेतो सूत कडक होऊन बसलेलं असतं.

मऊपणाची किल्ली या कमी पिळातच आहे. हाताला कापड मऊ लागतं, म्हणजे धागा बोटाखाली सहज वाकतो आणि दाबला जातो. घट्ट पिळलेल्या धाग्यातले तंतू एकमेकांत जखडलेले असतात. वाकताना ते एकमेकांवरून सरकू शकत नाहीत, म्हणून सगळा धागा एका काडीसारखा अडून राहतो. पीळ सैल असला की प्रत्येक तंतू आपापला वाकतो. लांब धाग्याच्या कापसाला ताकदीसाठी पिळाची गरज कमी, म्हणून त्याला हा सैलपणा परवडतो. आखूड कापसालाही सैल पीळ देता येईल, पण मग ते सूत मागावर टिकणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कापूस लांब म्हणून मऊ, असं विक्रेते सर्रास सांगतात. मऊपणात मोठा वाटा खरं तर तंतूच्या बारीकपणाचा असतो. तंतूची वाकायला होणारी अडवणूक त्याच्या जाडीबरोबर अतिशय वेगानं वाढते. गोल तंतूत जाडी दुप्पट झाली तर ती सोळापट होते. सुविन, इजिप्तचे गिझा वाण, अमेरिकेचा पिमा हे सगळे ज्या वनस्पतीच्या कुळातले आहेत, त्या कुळात लांबी आणि बारीकपणा बहुतेक जोडीनं येतात, शिवाय एकेका तंतूची मूळ ताकदही जास्त असते. ही निसर्गाची मेहेरबानी आहे. पण जोडी तुटूही शकते. कापूस अपक्व राहिला तर त्याचा तंतू पातळ भिंतीचा, चपटा, हलका होतो. मायक्रोनेअर नावाच्या मापनात तंतूंच्या पुंजक्यातून हवा सोडून बारीकपणा जोखतात. अपक्व कापूसही त्यात बारीक म्हणून पास होतो. पुढे त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि रंगवलेल्या कापडावर फिकट ठिपके उठतात. जाणकार व्यापारी केवळ मायक्रोनेअरचा आकडा पाहून खूश होत नाही, पक्वता विचारतो.

मऊपणाही दोन प्रकारचा असतो. जाडसर गावरान सुताचं कापड हाताला लवदार, उबदार लागतं, कारण त्याच्या पृष्ठभागावर तंतूंची असंख्य टोकं उभी असतात. तो मऊपणा खरा आहे, थंडीत हवासा वाटतो, पण घासला की त्याच टोकांच्या गोळ्या होतात. लांब धाग्याच्या बारीक सुतात टोकंच कमी, त्यामुळे पृष्ठभाग स्वच्छ राहतो, प्रकाश त्यावरून सरळ परततो आणि कापडाला एक शांत चकाकी येते. त्याला गोळ्या उशिरा येतात, धुण्यानं त्याचं रूप फारसं उतरत नाही. दुकानात नव्या कापडावरून हा फरक ओळखणं अवघड, कारण सिलिकोनचा मुलायमपणा कुठल्याही कापडाला चढवता येतो. दहा धुण्यांनंतर तो मुलायमपणा निघून जातो आणि खालचा कापूस बोलू लागतो.

आतापर्यंत सगळे तंतू सारख्या लांबीचे आहेत असं धरलं. प्रत्यक्षात एकाच सरकीवरचे तंतूही सारखे नसतात. ३८ मिलिमीटरच्या कापसातही अर्ध्या इंचाहून आखूड तंतू असतातच, आणि गिरणीला खरा त्रास त्यांचा. पेळू बारीक करण्यासाठी तो रुळांच्या जोड्यांमधून ओढला जातो. पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा वेगानं फिरते. या दोन जोड्यांमधलं अंतर लांब तंतूंच्या मापानं ठेवावं लागतं, नाहीतर लांब तंतू दोन्हीकडे धरले जाऊन तुटतात. मग आखूड तंतूंचं काय होतं? मागच्या रुळानं सोडलेलं असतं आणि पुढच्यानं धरलेलं नसतं. मधल्या जागेत ते बेवारस तरंगत राहतात आणि शेजारच्या वेगवान तंतूंबरोबर पुंजक्यानं ओढले जातात. पुंजका गेला तिथे धागा जाड, तो निघून गेला तिथे बारीक. बारीक जागेवर छेदात ४८ऐवजी ३० तंतू राहिले, तर सबंध धाग्याची ताकद तेवढीच, कारण ताणाखाली धागा सरासरीला तुटत नाही, सर्वांत अशक्त जागी तुटतो. अशक्तपणा आणि जाडबारीकपणा यांचं मूळ एकच.

म्हणून बारीक सुताचा कापूस विंचरतात. कोंबर नावाचं यंत्र पेळूचा एक झुपका पकडतं, सुयांच्या फणीनं तो विंचरतं आणि ज्यांना पकड मिळाली नाही असे आखूड तंतू बाजूला काढतं. चांगल्या सुतासाठी असे पंधरा ते अठरा टक्के तंतू काढून टाकावे लागतात. महागात महाग कापूस घ्यायचा आणि त्याचा सहावा हिस्सा फणीत सोडून द्यायचा. ते तंतू वाया जात नाहीत, जाड सुताच्या गिरण्या ते घेतात, पण घेतात ते स्वस्तात.

हे सगळे नियम रुळांच्या यंत्राचे आहेत, हे विसरून चालणार नाही. ढाक्याची मलमल मेघना नदीकाठच्या ज्या फुटी कार्पासातून निघत असे, तो गावरान कुळातला, आखूड तंतूचा होता. त्यातून आजच्या सुविनलाही न झेपणारं बारीक सूत बायका हातानं काढत. पहाटे-संध्याकाळी, हवेत ओल असताना त्या कातत, कारण ओलसर तंतू कमी तुटतो. कातणारीच्या बोटांना प्रत्येक आखूड तंतू जाणवतो, जिथे धागा बारीक होईल तिथे ती थांबते, पीळ थोडा आधी सोडते. रुळांना हे कळत नाही, त्यांना एकच ठरावीक अंतर कळतं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि पश्चिम भारतातला कापूस ‘सुरती’ या सरसकट नावानं लँकेशायरला गेला, तेव्हा तिथले कामगार सतत तुटणाऱ्या सुतानं हैराण झाले. यंत्रं अमेरिकी लांबीवर बेतलेली होती. आपला कापूस निकृष्ट, असा जो शिक्का तेव्हापासून बसला तो मला अन्यायाचा वाटतो. तो त्या यंत्रांना जुळणारा नव्हता, एवढंच खरं. पुढे मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसाची तंत्र-प्रयोगशाळा उभी राहिली, आज तिला सिरकॉट म्हणतात. नवी जात शेतात कशी आली यावर न थांबता ती कुठल्या नंबरपर्यंत कातता येते, हे तिथे प्रत्यक्ष सूत काढून पाहू लागले. कापसाची प्रत कापसाकडे पाहून नव्हे तर सुताकडे पाहून ठरवायची, ही त्यामागची समज आजही पक्की आहे.

आता किमतीकडे येऊ. लांब तंतू महाग का, याचं उत्तर बोंडाच्या आत सुरू होतं. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी असते. फूल उमलतं त्या दिवशी सरकीच्या सालीवरची एक पेशी फुगून वर येते आणि पुढचे तीनेक आठवडे नुसती लांबत राहते. जाडीच्या हजारपटीहून अधिक लांब होते. त्यानंतर लांबी थांबते आणि आतून सेल्युलोजचे थर चढत भिंत भरत जाते, त्याला आणखी तेवढेच दिवस. पहिल्या तीन आठवड्यांत लांबी ठरते, पुढच्यांत ताकद आणि पक्वता. लांबणारी पेशी आतल्या पाण्याच्या दाबानं लांबते. त्या दिवसांत पावसानं ओढ दिली की तंतू खुजाच राहतो, आणि नंतर कितीही पाणी दिलं तरी ते अंतर भरून निघत नाही. कोरडवाहू विदर्भात सप्टेंबरचा खंड नेमका याच दिवसांवर येतो. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस चांगला निघतो, आणि जानेवारीनंतर पाणी देऊन राखलेल्या फरदडीचा कापूस आखूड आणि अशक्त निघतो.

सुविनला शेतात सहा महिन्यांहून जास्त मुक्काम लागतो. तेवढे दिवस पाणी, तेवढे दिवस बोंडअळीची धास्ती, तेवढ्या फवारण्या, आणि एवढं करून एकरी उतारा कमीच. तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला ती पिकते, पण आता तिचं क्षेत्र अगदी थोडं उरलं आहे. जास्त उतारा देणारं दुसरं पीक समोर असताना शेतकऱ्यानं ही जोखीम का घ्यावी, याचं समाधानकारक उत्तर बाजारानं त्याला दिलेलं नाही. जिनिंगमध्ये आणखी गळती. शंभर किलो कापसातून विदर्भाच्या संकरित जातीची पस्तीसएक किलो रुई निघते; सुविनची तिसाच्या आसपास. शिवाय लांब तंतू करवती जिनमध्ये तुटतो, त्याला रुळांची संथ जिनच लागते. आपल्याकडे बहुतेक जिन रुळांच्याच आहेत, ही आपली जमेची बाजू.

आता एक किलो सुताचा हिशेब मांडून पाहू. विदर्भाच्या कापसाचं तीस नंबरचं, न विंचरलेलं सूत घ्या. गिरणीतली घट धरून त्याला सुमारे १.१५ किलो रुई लागते, आणि पस्तीस टक्के उताऱ्यानं तेवढ्या रुईला शेतातला ३.३ किलो कापूस. सुविनचं शंभर नंबरचं, विंचरलेलं सूत घ्या. विंचरणीसह सगळी घट धरली तर १.४ किलो रुई, आणि तीस टक्के उताऱ्यानं ४.७ किलो कापूस. कापसाचा दर सारखा धरला तरी इथेच जवळजवळ दीडपट झाली. आणि दर सारखा नसतोच. अतिरिक्त लांब धाग्याची रुई अनेकदा दीडपट-दुपटीनं विकली जाते.

त्यापुढे चातीचा वेळ. चाती मिनिटाला अठरा हजार फेरे घेते असं धरू. तीस नंबरच्या सुताला इंचामागे वीस फेरे, म्हणजे मिनिटाला तेवीस मीटर सूत. किलोभर सुताला एका चातीचे ३७ तास. शंभर नंबरच्या सुताला इंचामागे ३६ फेरे, म्हणजे मिनिटाला तेरा मीटरहून कमी, आणि जायचं मात्र १६९ किलोमीटर. २२२ तास. रात्रंदिवस चालली तरी एका चातीला सव्वानऊ दिवस लागतात एक किलो भरायला. वीज, मजुरी, यंत्राचं व्याज, हवेतली ओल राखायचा खर्च, हे सगळं त्या सव्वानऊ दिवसांवर चढतं. महाग शर्टाच्या किमतीत कापसापेक्षा हा वेळ अधिक बोलतो.

शेतकऱ्यापर्यंत यातलं किती येतं? २०२५-२६च्या हंगामात केंद्राचा हमीभाव मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये होता. मध्यम म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर, लांब म्हणजे २९.५ ते ३०.५. म्हणजे पाच मिलिमीटरला चारशे रुपये, पाच टक्क्यांच्या आसपास. ३२ मिलिमीटरच्या वरच्या कापसाची गिरण्यांना लागणारी गरज बरीचशी इजिप्त आणि अमेरिकेकडून भागते, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये त्यावरचं आयात शुल्कही केंद्रानं काढून टाकलं. सूत काढणाऱ्याला ते सोयीचं झालं, सुविन पिकवणाऱ्याला नाही. मंडीत अजून पुष्कळ ठिकाणी कापसाची गाडी हातानं चाचपून, ओल आणि कचरा पाहून उरकली जाते. ज्याची बोंडं भर पावसात भरली आणि ज्याची खंडात सापडली, त्या दोघांना एकच भाव मिळतो. लांबीचं मोल गाठ बांधून झाल्यावर, नमुना यंत्रावर गेल्यावर ठरतं, आणि तोवर कापूस शेतकऱ्याचा राहिलेला नसतो.

ग्राहकाच्या टोकालाही फसगत आहे. २०१६मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी इजिप्शियन म्हणून विकलेल्या चादरी परत घेतल्या, कारण त्यांत तो कापूस नव्हता. खुद्द इजिप्तमध्येही सगळा कापूस अतिरिक्त लांब नसतो. गिझा ४५ आणि गिझा ८६ यांत बरंच अंतर आहे. चादरीवर लिहिलेला धाग्यांचा मोठा आकडाही फसवा असतो, कारण दुहेरी-तिहेरी पदर सुटे मोजून तो फुगवता येतो. विचारायचंच असेल तर सुताचा नंबर विचारावा, ते विंचरलेलं आहे का विचारावं, आणि पदर एकेरी की दुहेरी ते विचारावं. साठ-सत्तर नंबरच्या पुढे गेलेलं विंचरलेलं सूत आखूड कापसातून यंत्रावर निघणं कठीण, त्यामुळे नंबर खरा असेल तर लांबीची हमी त्यातच आली. जीन्स, टॉवेल, सतरंजी, अंथरुणाची जाड चादर यांना लांब धाग्याच्या नावानं जास्त पैसे मोजायचं कारण नाही. उन्हाळ्यातला पातळ शर्ट, तान्ह्या बाळाची झबली, वर्षानुवर्षं वापरायचं मलमलीचं धोतर, अंगाला थेट लागणारं बारीक विणीचं कापड, इथे मात्र त्या जास्तीच्या नऊ मिलिमीटरचे पैसे पुरते वसूल होतात.